कारण अर्ध्या ओळीत, गुरुवारचं पेमेंट तीन ओळींत

रजेचा मेल मॅनेजर कसा वाचतो ते एकदा डोळ्यासमोर आणून बघा. दोन मीटिंगच्या मधे पाच मिनिटं मिळालेली असतात, मेल फोनवरच उघडलेला असतो, आणि डोक्यात प्रश्न साधारण एकाच क्रमाने येतात: कधीपासून कधीपर्यंत, त्या दिवसांत काय काय अडणार, आणि ते कोण करणार. का जातेय हा प्रश्न आलाच तर चौथा, आणि बऱ्याचदा तो येतच नाही. मी काही वर्षं एक छोटी फायनान्सची टीम सांभाळतेय, त्यामुळे असे मेल वाचणं हे रोजच्या कामातलंच झालंय, आणि गंमत म्हणजे बहुतेक मेल बरोब्बर उलट्या क्रमाने लिहिलेले असतात. आधी कारण, मग कारणाचं कारण, मग सॉरी, आणि तारखा कुठेतरी शेवटून दुसऱ्या वाक्यात लपून बसलेल्या.

मला वाटतं ही सवय शाळेच्या अर्जापासूनची आहे. 'विषय: रजा मिळणेबाबत', मग महोदय, मग मला काल रात्रीपासून ताप येत असल्यामुळे, आणि शेवटी 'ही नम्र विनंती'. त्या अर्जात कारण हाच सगळा मजकूर असायचा कारण आपल्या गैरहजेरीत अडण्यासारखं काहीच नव्हतं, वर्ग आपल्याशिवाय चालायचाच. ऑफिसात परिस्थिती उलटी. इथे आपण नसलो की एखादी गोष्ट खरोखर थांबते, आणि समोरच्याला तेवढंच कळायला हवं असतं. पण हात अजून जुन्याच वळणाने लिहितो.

आमच्या टीममधल्या एकीचा मेल इथे देते, तिला विचारून आणि घरचे तपशील बदलून. तिचा पहिला ड्राफ्ट असा होता (तो तिने पाठवायच्या आधी मला दाखवला, म्हणजे खरं तर विचारलं की एवढं पुरेल ना, अजून काही लिहू का):

> नमस्कार मॅडम, खरं तर आधीच सांगायला हवं होतं पण घरी सगळं अचानक ठरलं. सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, दीर येणार होते पण त्यांना जमत नाहीये, आणि मिस्टरांची नोकरी नवीन असल्यामुळे ते सुट्टी मागू शकत नाहीत. मला माहितीये हा महिना गडबडीचा आहे, मी शक्य तितकं घरून बघेन, लॅपटॉप जवळच ठेवते. पुढच्या बुधवारपासून साधारण आठवडाभर सुट्टी मिळाली तर बरं होईल. काम टीम सांभाळून घेईल. प्लीज ॲडजस्ट करा, सॉरी.

मेल प्रामाणिक आहे, सगळं खरं आहे, आणि तरी यावर 'ओके' म्हणायला मला जागाच नाही. पुढचा बुधवार म्हणजे परवाचा की त्याच्या पुढचा? साधारण आठवडाभर म्हणजे पाच कामाचे दिवस की सात, की जमलं तर लवकर येईन असं? 'टीम सांभाळून घेईल' मधली टीम म्हणजे नक्की कोण, आणि त्यांना हे माहितीये का? आणि सगळ्यात घोटाळ्याचं वाक्य म्हणजे शक्य तितकं घरून बघेन. लिहिणारीला वाटतं आपण मोठं मन दाखवतोय, पण वाचणारीच्या दृष्टीने ती व्यक्ती आता धड आहेही नाही आणि धड नाहीही नाही. गुरुवारी काही अडलं तर तिची वाट बघायची की दुसऱ्याला सांगायचं, हे कोणालाच कळत नाही, मग सगळे तिची वाट बघतात, आणि ती बिचारी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये लॅपटॉप उघडून बसते.

आता तिचं काम काय ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे दर गुरुवारी व्हेंडर लोकांचे पैसे जातात. एक जण बिलं तपासून पेमेंटची फाईल तयार करतो, त्याला मेकर म्हणतात, आणि दुसरी व्यक्ती ती फाईल बघून अप्रूव्ह करते, ती चेकर. या दोन भूमिका मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या असतात, एकाच माणसाने फाईल बनवायची आणि त्यानेच पैसे सोडायचे असं होऊ नये म्हणून, आणि सिस्टीममध्येही तसंच सेट केलेलं असतं, स्वतः बनवलेली फाईल स्वतः अप्रूव्ह करायला गेलं की ती सरळ नाही म्हणते. आमची ही मैत्रीण चेकर. मेकर म्हणजे तिच्या शेजारी बसणारा ज्युनियर अकाउंटंट.

म्हणजे 'काम टीम सांभाळून घेईल' याचा अर्थ तिच्या मनात होता की ज्युनियर बघेल, कारण रोजचं काम त्याला खरंच येतं. आणि नेमकं तेच चालणार नव्हतं. तो फाईल बनवणार, त्याला चेकरचे राइट्स दिले तरी स्वतःची फाईल अप्रूव्ह करता येणार नाही, आणि हे गुरुवारी दुपारी तीनला कळलं असतं, बँकेत फाईल पाठवायची वेळ संपत आलेली असताना. मग धावाधाव, मग तिला फोन, मग कोणीतरी दिलदारपणे सुचवणार की तिचा पासवर्ड घे आणि करून टाक. हे शेवटचं तर कधीच करू नये, कारण नंतर ऑडिटमध्ये त्या दिवशीचं अप्रूव्हल तिच्या नावावर दिसतं आणि ती त्या दिवशी रजेवर होती हेही दिसतं.

आम्ही दोघी अर्धा तास बसलो आणि मेल नव्याने लिहिला. नावांच्या जागी मी हुद्दे टाकलेत, बाकी जवळपास जसाच्या तसा:

> विषय: रजा – बुधवार १२ ते मंगळवार १८ नोव्हेंबर (कामाचे ५ दिवस)
>
> नमस्कार मॅडम,
>
> कौटुंबिक कारणासाठी मला बुधवार १२ ते मंगळवार १८ नोव्हेंबर, दोन्ही दिवस धरून, रजा हवी आहे. बुधवार १९ ला सकाळी कामावर येईन.
>
> गुरुवार १३ चं पेमेंट: फाईल नेहमीप्रमाणे ज्युनियर अकाउंटंट तयार करेल. अप्रूव्हल शेजारच्या युनिटचे लीड करतील, त्यांच्याशी बोलणं झालं आहे. त्यांच्या चेकर राइट्सची रिक्वेस्ट टाकली आहे, ती तुमच्या मंजुरीसाठी येईल.
>
> सोमवार १७ चा थकबाकी रिपोर्ट: ज्युनियर अकाउंटंट पाठवेल.
>
> व्हेंडरच्या बँक खात्यातले बदल: मी येईपर्यंत थांबवले आहेत. सध्या एक पेंडिंग आहे, तपशील नोटमध्ये.
>
> हँडओव्हर नोट सोमवार १० ला टीमच्या फोल्डरमध्ये ठेवते, मंगळवार ११ ला दोघांसोबत अर्धा तास बसते. रजेच्या दिवसांत मेल बघणार नाही, गुरुवारचं पेमेंट अडलं तर फोन करा.
>
> राइट्स ॲक्टिव्ह व्हायला दोन कामाचे दिवस लागतात, म्हणून शुक्रवार ७ पर्यंत मंजुरी मिळाली तर सोयीचं होईल.

आकाराने हा पहिल्यापेक्षा मोठाच आहे. थोडक्यात लिहा म्हटलं की लोक सगळंच कापतात, एका ओळीत 'मला १२ ते १८ रजा हवी' असं टाकतात आणि मग मॅनेजरने चार प्रश्न विचारले की वैतागतात. थोडक्यात लिहायचं ते कारण. कामाला लागतील तेवढ्या ओळी द्यायच्या, अर्थात त्याही कामापुरत्याच.

तारखांचं बघा. तारखेसोबत वार लिहिला की चूक स्वतःच पकडली जाते, बुधवार १३ असं कोणी लिहिलं तर वाचणारा लगेच थांबतो, नुसतं १३ लिहिलं तर थांबत नाही. 'दोन्ही दिवस धरून' हे तीन शब्द फालतू वाटतात पण '१८ पर्यंत' एवढंच लिहिलं की अर्धे लोक समजतात अठराला माणूस परत. त्यापेक्षाही उपयोगी म्हणजे परत येण्याची तारीख वेगळी लिहिणं, कारण बाकी सगळं जग त्याच तारखेवर चालतं, कोणाला कधी भेटायचं, कोणती मीटिंग कधी लावायची. कामाचे दिवस किती तेही मोजून टाकावं कारण मधे शनिवार रविवार येतो आणि काही ठिकाणी तो पण रजेतच धरतात, तर तुमचा आकडा आणि सिस्टीमचा आकडा जुळत नसेल तर ते आधीच कळलेलं बरं, महिनाअखेरीला रजेचा बॅलन्स बघून नाही. सुरुवातीचा किंवा शेवटचा दिवस अर्धा असेल तर कुठला अर्धा ते लिहायचं. आणि विषयाच्या ओळीत तारखा हव्यातच, दोन आठवड्यांनी मी तो मेल शोधणार तेव्हा 'रजेबाबत' नावाचे वीस मेल समोर येऊ नयेत.

तारखा पक्क्या नसतील तर? होतं असं, ऑपरेशनची तारीखच हॉस्पिटल पुढे ढकलतं. तेव्हा 'साधारण' लिहिण्यापेक्षा पक्कं आणि कच्चं वेगळं करावं: १२ ते १४ नक्की, १७ आणि १८ लागण्याची शक्यता, नक्की काय ते १४ च्या संध्याकाळपर्यंत कळवते. मॅनेजरला अनिश्चितता चालते हो, फक्त ती कधी संपणार ते माहिती हवं.

कव्हरच्या बाबतीत माझं थोडं ठाम मत आहे. 'अमुक बघेल' असं लिहिण्याआधी अमुकला विचारलेलं असावं, त्याने हो म्हटलेलं असावं, आणि त्या दिवशी तो स्वतः रजेवर नाही हे त्याच्या कॅलेंडरमध्ये बघितलेलं असावं. तीन गोष्टी, तीन मिनिटं. मॅनेजरकडून मंजुरी आली आणि मग सहकाऱ्याला मेलमध्ये स्वतःचं नाव वाचून कळलं की आपण कव्हर आहोत, असं झालं की पुढच्या वेळी तो हो म्हणत नाही. काही मॅनेजरना मात्र आपल्याला न विचारता परस्पर कामाची वाटणी केलेली आवडत नाही, तर तिथे 'तुमची हरकत नसेल तर' एवढं जोडायचं. आणि दुसरं, कव्हर माणसाला नाही, कामाला द्यायचं. तिच्या मेलमध्ये तीन कामं आहेत आणि तिन्हींची वेगवेगळी सोय आहे. सगळं मिळून एकाच्या गळ्यात टाकलं असतं तर पेमेंट अडलं असतंच, ते वर सांगितलंच.

राइट्सची ओळ लोक हमखास विसरतात. माणूस तयार आहे, त्याला काम येतं, पण त्याचं लॉगिन त्या स्क्रीनपर्यंत पोचतच नाही, किंवा शेअर्ड मेलबॉक्स त्याला दिसत नाही, किंवा फोल्डर उघडत नाही. हे ओळखायची एकच खात्रीची पद्धत आहे, ती म्हणजे तुम्ही तिथे असतानाच त्याच्याकडून त्याच्या लॉगिनने ते काम एकदा करून घेणं. मंगळवारच्या अर्ध्या तासात आमच्या मैत्रिणीने तेच केलं, युनिट लीडना लॉगिन करायला लावलं, आणि अप्रूव्हची यादीच रिकामी दिसत होती. राइट्स मिळाले होते पण दुसऱ्याच युनिटच्या फाईलींचे. तिने तिथल्या तिथे आयटीला फोन केला, दुरुस्त व्हायला बुधवारची दुपार उजाडली. हेच गुरुवारी दुपारी कळलं असतं तर काय झालं असतं याचा विचार नको.

थांबवलेल्या कामाची ओळ मला या मेलमध्ये सगळ्यात जास्त आवडते. हँडओव्हर म्हणजे सगळं दुसऱ्याला देणं असा समज असतो, पण काही कामं न देणं हेच शहाणपण असतं. व्हेंडरचा मेल येतो की आमचं बँक खातं बदललंय, यापुढे पैसे इथे पाठवा, तर तो बदल करण्याआधी आपण त्या व्हेंडरला फोन करून खात्री करतो, आणि फोन करायचा तो आपल्या जुन्या रेकॉर्डमधल्या नंबरवर, त्या नव्या मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. कारण फसवणूक नेमकी अशीच होते, मेल खोटा असतो आणि त्यातला नंबरही त्याच चोराचा असतो, तुम्ही फोन करता आणि पलीकडून अगदी प्रेमाने सांगतात हो हो आमचंच खातं आहे. नवखा माणूस कव्हर करत असताना हे व्हायची शक्यता जास्त, त्यात समोरून घाई केली जाते, आजच बदला नाहीतर माल अडेल वगैरे. म्हणून नोटमध्ये तिने स्पष्ट लिहिलं: हा एक बदल पेंडिंग आहे, फोनवर खात्री झालेली नाही, मी १९ ला आल्यावर करेन, तोपर्यंत या व्हेंडरचं पेमेंट होल्डवर, कोणी कितीही घाई केली तरी. मेलमध्ये मात्र एकच ओळ. मॅनेजरला एवढंच कळलं पाहिजे की एक काम जाणूनबुजून थांबलंय, म्हणजे त्या व्हेंडरचा फोन मला आला तर मी गडबडीत कोणाला करून टाक म्हणणार नाही.

नोटबद्दल जास्त लिहीत नाही. एक पान, प्रत्येक कामाची सध्याची स्थिती, पुढची पायरी, अडलं तर कोणाला विचारायचं. वीस पानी मॅन्युअल कोणी उघडत नाही. मेलमध्ये नोट चिकटवू नये, कुठे ठेवली आणि कधी ठेवणार तेवढं सांगावं.

आणि कधीकधी कव्हर नसतंच. टीम दोघांची असते, दुसरा आधीच रजेवर असतो, किंवा ते काम तुमच्याशिवाय कोणाला येत नाही. तेव्हा खोटं नाव टाकण्यापेक्षा तसं लिहायचं, आणि सोबत एक-दोन पर्याय: सोमवारच्या रिपोर्टला कव्हर नाही, तो शुक्रवारी आधीच काढून ठेवू शकते किंवा बुधवारी येऊन पाठवू शकते, कोणतं चालेल ते सांगा. शेवटी माणसं कमी आहेत हा प्रश्न मॅनेजरचा आहे, रजा मागणारीचा नाही, तिने फक्त तो वेळेत समोर ठेवायचा.

आता कारण. 'कौटुंबिक कारणासाठी'. ड्राफ्ट बघून ती म्हणाली, एवढंच? तुम्हाला विचित्र नाही वाटणार? मी म्हटलं मला माहितीच आहे तू काय म्हणतेस ते, आणि माहिती नसतं तरी मी काय वेगळं केलं असतं? तिचा मुद्दा होता की कारण मोठं आहे हे कळलं तर रजा नाकारली जाणार नाही. आणि मला अडचण तिथेच दिसते. कारण सविस्तर सांगितलं की निर्णय कारणावर यायला लागतो, कामावर राहत नाही. वाचणाऱ्याच्या मनात नकळत तराजू येतो: डोळ्याचं ऑपरेशन तर आता लगेच घरी सोडतात, मग आठवडा कशाला, दीर एक दिवस पण येऊ शकत नाहीत का, मिस्टरांनी दोन दिवस काढले तर? हे प्रश्न विचारणारा माणूस वाईट असतो असं नाही, तुम्हीच त्याच्यापुढे घरचं सगळं गणित मांडलंय, तर तो ते सोडवायला बसतो. मी स्वतः मनातल्या मनात बसते, खोटं कशाला बोलू. नुसतं कौटुंबिक कारण वाचलं की सोडवायला काही उरतच नाही, डोळे सरळ पुढच्या ओळीवर जातात, गुरुवारचं पेमेंट कोण करणार.

दुसरं म्हणजे हा तराजू टीममध्ये सगळ्यांनाच त्रास देतो. ज्याला घरचं छान रंगवून सांगता येतं त्याला रजा पटकन मिळते आणि जो अबोल आहे तो मागेच राहतो, असं व्हायला लागतं. आणि एकदा मोठं कारण देऊन रजा घ्यायची सवय लागली की ज्या दिवशी तुम्हाला नुसतं घरी पडून राहायचंय त्या दिवशी पुरेसं मोठं कारण सापडत नाही, मग लोक कारण बनवतात. आणि बनवलेलं कारण नेहमीच खऱ्यापेक्षा लांबलचक असतं, शिवाय नंतर ते सांभाळावं लागतं, महिन्याभराने कोणी विचारलं मावशी कशा आहेत तर आठवावं लागतं कोणती मावशी.

तिसरी गोष्ट अगदी व्यवहाराची. हा मेल फिरतो. राइट्सच्या रिक्वेस्टला पुरावा म्हणून मी तो आयटीला फॉरवर्ड केला, युनिट लीडना केला, एचआरच्या सिस्टीममध्ये जोडला गेला. पहिला ड्राफ्ट पाठवला असता तर सासऱ्यांचे डोळे, दिरांची अडचण आणि नवऱ्याच्या नोकरीची नाजूक अवस्था हे सगळं चार अनोळखी इनबॉक्समध्ये जाऊन बसलं असतं, आणि त्या तिघांपैकी कोणीही त्याला हो म्हटलेलं नव्हतं. मी तर म्हणेन रजेचा मेल पाठवण्याआधी एवढंच बघावं की हा न कापता, न खोडता जसाच्या तसा पुढे पाठवता येईल का. सांगावंसं वाटलं तर मॅनेजरला तोंडी सांगा की, चहाच्या वेळी सांगा, नातं चांगलं असेल तर सांगावंसं वाटतंच. फक्त मेलमध्ये लिहू नका.

अर्थात कारण कधी कधी लिहावंच लागतं. आजारपणाची रजा, प्रसूतीची रजा, घरात कोणी गेलं म्हणून मिळणारी रजा, परीक्षेची रजा, अशा रजा वेगळ्या खात्यातून जातात, त्यांचे दिवस वेगळे मोजले जातात, आणि तिथे प्रकार सांगितल्याशिवाय ती मंजूरच होऊ शकत नाही. तेव्हाही प्रकाराचं नाव पुरतं: 'आजारपणाची रजा, सर्टिफिकेट एचआरकडे देते'. आजाराचं नाव, रिपोर्ट, डॉक्टर काय म्हणाले, हे मॅनेजरला पाठवायची साधारणपणे गरज नसते, कागद जिथे मागितलाय तिथेच द्यावा. तुमच्या ऑफिसची पॉलिसी काय म्हणते ते एकदा वाचून घ्या, कुठे किती लिहावं लागतं ते तिथेच कळतं.

आणि मॅनेजरने उलट विचारलंच, का गं, काय झालं? बऱ्याचदा ही फक्त काळजी असते, त्याला 'घरचं काम आहे, सगळं ठीक आहे, विचारलंत बरं वाटलं' एवढं उत्तर पुरतं. ते ऐकल्यावर विषय संपला तर काळजीच होती. तरी पुन्हा पुन्हा विचारलं, दुसरं कोणी नाही का घरी असं सुरू झालं, तर बोलणं परत कामावर आणायचं: तारखा बदलणं शक्य नाहीये, पण कव्हरमध्ये काही कमी वाटत असेल तर सांगा, मी ते बघते. यात उर्मटपणा काही नाही, उलट मॅनेजरला खरंच अडचण असेल तर ती बाहेर येते. माझ्याच बाबतीत असं झालंय की मी 'का' विचारतेय पण मनात असतं की त्याच आठवड्यात ऑडिटवाले येणार आहेत. मग ते सांगितलं, दोन दिवस मागेपुढे झालं, विषय संपला.

अजून एक छोटीशी चिडचिड सांगून टाकते. 'तिकीट काढलंय' हे रजेच्या मेलमध्ये लिहू नका प्लीज. काढलं असेल तर असू दे, पण ते वाक्य वाचलं की मला विचारलं जात नाहीये, कळवलं जातंय असं वाटतं, आणि हो म्हणायचंच होतं तरी दोन मिनिटं उगाच राग येतो. मंजुरी लवकर हवी असेल तर त्याचं कामाचं कारण द्या, जसं तिने राइट्सच्या दोन दिवसांचं दिलं. तारीख घालून मागितलेल्या मंजुरीचं उत्तर लवकर जातं हा माझा स्वतःचा अनुभव, कारण ती यादीत वर सरकते. आणि उत्तर आलंच नाही तर त्या तारखेला एक ओळ टाकून आठवण करा. गप्प बसणं म्हणजे होकार असं धरून निघून जाऊ नका, मग तो मेल कितीही छान लिहिलेला असू दे.

अचानक लागणाऱ्या रजेला हे सगळं लागू नाही. सकाळी सातला काहीतरी झालं तर फोनवरून तीन वाक्यं: आज येऊ शकत नाही, अकराची मीटिंग अमुक घेऊ शकेल का, संध्याकाळपर्यंत उद्याचं कळवते. तेव्हा नोट वगैरे कोणी मागत नाही, आणि कोणी मागितली तर ती मागणाऱ्याची चूक. पण गंमत बघा, अशा घाईत सुद्धा लोक कारणाचे दोन परिच्छेद लिहितात आणि अकराची मीटिंग विसरतात.

मंजुरी आल्यावर सिस्टीममध्ये रजा टाकायची, त्याच तारखा, मेलमधल्या आणि तिथल्या जुळतायत ना ते बघायचं, कॅलेंडर ब्लॉक करायचं, आणि ऑटो रिप्लाय लावायचा. इथे पण कारण हळूच डोकं वर काढतं बरं का, 'घरगुती कारणामुळे रजेवर असल्याने गैरसोयीबद्दल दिलगीर आहे' वगैरे, आणि हे तर बाहेरच्या व्हेंडरला सुद्धा जातं. आमच्या मैत्रिणीने लावलेला असा होता: 'मी मंगळवार १८ नोव्हेंबरपर्यंत रजेवर आहे, बुधवार १९ ला उत्तर देईन. पेमेंटसंबंधी टीमच्या मेलबॉक्सवर लिहा. बँक खात्यातले बदल १९ नंतरच केले जातील.' त्या पेंडिंग व्हेंडरने गुरुवारी मेल केला, त्याला हेच उत्तर गेलं, मग त्याने टीमच्या मेलबॉक्सवर लिहिलं, आणि ज्युनियरने नोट उघडून त्यातली ओळ वाचून त्याला १९ तारीख सांगितली.